विश्लेषण : एकाच गेमच्या चार किमती कशा? स्टँडर्ड, डिलक्स, कम्प्लिट एडिशन आणि सीझन पासच्या भाऊगर्दीत दोनदा पैसे कसे जातात?

‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा गेम मे २०१५ मध्ये आला. आजही तो सेलमध्ये हमखास दिसतो आणि आजही नव्याने घेणारा माणूस स्टोअरच्या पानावर अडखळतो. कारण तिथे एक गेम नसतो. नुसता गेम असतो, ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ नावाचा विस्तार असतो, ‘ब्लड अँड वाइन’ नावाचा दुसरा विस्तार असतो, हे दोन्ही एकत्र देणारा एक्सपान्शन पास असतो आणि सगळे एकत्र असलेली कम्प्लिट एडिशन असते. पाच खरेदीची बटणे, पण वस्तू मात्र तीनच. बाकीची दोन बटणे म्हणजे त्याच वस्तूंची वेगळी बांधलेली गाठोडी.

गेमच्या दुकानदारीत दोनदा पैसे जातात ते इथेच. फसवणूक म्हणावी असे यात काही नसते. प्रत्येक बटणाखाली काय मिळणार ते लिहिलेले असते. पण आज घेतलेले गाठोडे आणि सहा महिन्यांनी घेतलेले गाठोडे यांत सामाईक काय आहे, हे दुकान दरवेळी सांगत नाही आणि आपणही तपासत नाही.

आधी हिशेब मांडू

रुपयांतल्या किमती दुकानागणिक वेगळ्या असतात आणि बदलत राहतात. त्यामुळे अमेरिकेतल्या मूळ छापील किमतीच धरू आणि पूर्णांकात घेऊ. नुसता गेम ४० डॉलर. ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ १० डॉलर, ‘ब्लड अँड वाइन’ २० डॉलर. दोन्ही विस्तारांचा पास २५ डॉलर. आणि गेमसह दोन्ही विस्तार असलेली कम्प्लिट एडिशन ५० डॉलर.

आता समजा, कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने ‘आधी खेळून तर बघू’ म्हणून नुसता गेम ४० डॉलरला घेतला. गेम आवडला. मग त्याने पास घेतला, २५ डॉलर. एकूण ६५. शेजारच्या मित्राने पहिल्याच दिवशी कम्प्लिट एडिशन घेतली, ५०. दोघांकडे आता अगदी तेच आहे. पहिल्याने सुरुवातीला १० डॉलर वाचवले आणि नंतर २५ मोजले. म्हणजे ‘बघू’चे शुल्क १५ डॉलर पडले.

तिसऱ्या एकाची गोष्ट याहून वाईट. त्याने गेम घेतला, मग सगळे कौतुक करतात म्हणून ‘ब्लड अँड वाइन’ सुटा घेतला, २० डॉलर. नंतर पहिला विस्तारही हवासा वाटला आणि ‘पासमध्ये दोन्ही मिळतात, पास स्वस्त’ हे कुठेतरी वाचलेले आठवून त्याने २५ डॉलरचा पास घेतला. विस्तारांवर त्याचे एकूण ४५ डॉलर गेले. त्याला फक्त १० डॉलरचा ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ सुटा घ्यायचा होता. म्हणजे ३० मध्ये काम झाले असते. पास स्वस्त असतो हे खरे, पण ज्याच्याकडे त्यातले काहीच नाही त्याच्यासाठी. त्यातला मोठा भाग आधीच घेतला असेल तर उरलेला तुकडा सुटाच घ्यावा.

आता उलटा प्रकार. नुसता गेम आधीपासून असलेल्याने कम्प्लिट एडिशन घेणे हा उघड वेडेपणा वाटतो. छापील किमतीत तो आहेच. पण सेलमध्ये कम्प्लिट एडिशनवर ८० टक्के सूट असेल तर ती १० डॉलरला पडते. त्याच दिवशी पासवर सूट नसेल तर तो २५ डॉलरलाच असतो. अशा वेळी असलेला गेम ‘पुन्हा’ विकत घेणे पंधरा डॉलरने स्वस्त पडते. दुसरीकडे, पासवरही ७० टक्के सूट असेल तर तो साडेसात डॉलरला येतो आणि मग पासच बरा. म्हणून ‘माझ्याकडे गेम आहे, कम्प्लिट एडिशनकडे बघायचेच नाही’ हा नियम चुकीचा आहे. माझ्याकडे जे नाही ते आज सगळ्यांत कमी पैशांत कोणत्या बटणाखाली मिळते, एवढेच बघायचे.

बंडल आणि पॅकेज : दिसायला सारखे, हिशेब वेगळा

पीसीवर गेम खेळणारे बहुतेक जण स्टीमवर खरेदी करतात. तिथे एक बारीक फरक आहे, जो माहीत असला की अर्धी डोकेदुखी संपते. स्टीमवर गाठोडी दोन प्रकारची असतात. एकाला बंडल म्हणतात, दुसऱ्याला पॅकेज.

बंडल म्हणजे सुट्या वस्तूंची यादी आणि त्यावर एकत्रित सूट. त्यातले काही तुमच्याकडे आधीच असेल, तर स्टीम त्याची किंमत वगळते आणि उरलेल्या वस्तूंचीच किंमत लावते. बंडलची जादा सूट त्या उरलेल्या वस्तूंवरही मिळते. म्हणजे बंडलमध्ये आधीचा गेम असला तरी त्याचे दोनदा पैसे जात नाहीत. अपवाद आहे : काही बंडल संपूर्ण संच म्हणूनच विकली जातात आणि त्यांना ही वजावट लागू होत नाही.

पॅकेज मात्र एकच वस्तू मानली जाते. त्याची एक ठरलेली किंमत असते. त्यातल्या पाचपैकी चार गोष्टी तुमच्या लायब्ररीत असल्या, तरी किंमत पूर्ण लागते. आणि ज्या गोष्टी आधीच होत्या त्यांची जादा प्रत मित्राला भेट द्यायला मिळेल, अशी आशाही ठेवू नका. ती मिळत नाही.

ओळखायचे कसे? खरेदीच्या चौकटीत किमतीशेजारी एक छोटे बटण असते. त्यावर `Bundle info` लिहिले असेल तर बंडल, `Package info` असेल तर पॅकेज. त्या बटणावर टॅप केले की उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यातही हे दिसते : बंडल असेल तर पत्त्यात `/bundle/` असते आणि पॅकेज असेल तर `/sub/`. मोबाइलवरून बघताना स्टीममध्ये लॉग-इन केलेले हवे, हे विसरू नका. लॉग-इन नसेल तर तुमच्याकडे काय आहे हे स्टीमला कळत नाही आणि बंडलचीही पूर्ण किंमत दिसते. सेलच्या रात्री मित्राने पाठवलेली लिंक व्हॉट्सॲपमधून थेट उघडली की नेमके हेच होते. किंमत जास्त वाटून माणूस सोडून देतो किंवा घाईत सुटी वस्तू घेऊन बसतो.

कन्सोलवर अशी आपोआप वजावट गृहीत धरू नये. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या स्टोअरवर डिलक्स किंवा कम्प्लिट एडिशन हे बहुतेकदा वेगळे उत्पादन असते आणि त्याची किंमत पूर्ण लागते. तिथे शोधायचा शब्द ‘अपग्रेड’. अनेक गेमचे डिलक्स अपग्रेड स्वतंत्रपणे विकले जाते. त्यात गेम नसतो, फक्त स्टँडर्ड आणि डिलक्समधला फरक असतो. ते गेमच्या मुख्य पानावर ठळक दिसेलच असे नाही. खाली ॲड-ऑनच्या यादीत जाऊन शोधावे लागते. डिलक्स एडिशनचे मोठे चित्र वर आणि अपग्रेडची ओळ तळाशी, ही मांडणी योगायोगाने होत असेल असे मला वाटत नाही.

डिलक्समध्ये नेमके काय विकतात?

साधारणपणे चार गोष्टी. पात्रांचे पोशाख किंवा शस्त्रांचे रंग, गेमचे संगीत आणि चित्रांचे डिजिटल पुस्तक, काही दिवस आधी खेळण्याची मुभा आणि पुढे येणाऱ्या विस्ताराचे आगाऊ आरक्षण. पहिल्या दोनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ज्याला हवे त्याने घ्यावे. पैशांचा खरा प्रश्न शेवटच्या दोनांत आहे.

‘स्टारफील्ड’चे उदाहरण बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये तो आला तेव्हा स्टँडर्ड एडिशन ७० डॉलरची होती आणि प्रीमियम १०० डॉलरची. प्रीमियमवाल्यांना ६ सप्टेंबरऐवजी १ सप्टेंबरपासून खेळता आले, शिवाय पहिला मोठा विस्तार आला की तो मिळणार होता. ‘शॅटर्ड स्पेस’ नावाचा हा विस्तार आला ३० सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे तब्बल एका वर्षाने. तेव्हा त्याची सुटी किंमत होती ३० डॉलर. थोडक्यात, प्रीमियमवाल्यांनी विस्ताराची पूर्ण किंमत वर्षभर आधी भरली आणि तीही तो कसा असेल हे न पाहता. बदल्यात मिळाले पाच दिवस आणि काही किरकोळ वस्तू. वर्षभर थांबलेल्याने आधी परीक्षणे वाचली, मग ठरवले. ज्यांच्याकडे गेम पास होता, त्यांच्यासाठी ३५ डॉलरचे प्रीमियम अपग्रेड होते. सुट्या विस्तारापेक्षा तेही पाच डॉलरने महागच.

यात दोनदा पैसे जाण्याचा धोका वेगळ्याच वाटेने येतो. वर्षभरापूर्वी प्रीमियम घेतलेले असते आणि त्यात पुढचा विस्तार धरलेला होता, हे माणूस विसरून जातो. नवा विस्तार आल्याची जाहिरात दिसते, बोटे सवयीने चालतात. त्याच खात्यावर, त्याच दुकानात खरेदी असेल तर बहुतेक वेळा स्टोअर ‘हे तुमच्याकडे आहे’ असे दाखवते. पण गेम डिस्कवर असेल आणि विस्तार कोडने मिळणार असेल, तर तो कोड टाकेपर्यंत स्टोअरला काहीच माहीत नसते. कपाटातल्या खोक्यात पडलेला कागद स्टोअरला दिसत नाही.

सीझन पास : यादी बंद आहे की उघडी?

सीझन पास म्हणजे पुढे येणाऱ्या ॲड-ऑनचे एकरकमी आगाऊ पैसे. ‘द विचर ३’चा पास प्रामाणिक म्हणता येईल असा होता. दोन विस्तार येणार हे आधी सांगितले होते, ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिला आणि मे २०१६ मध्ये दुसरा आला, आणि विषय संपला. यादी बंद. शिवाय १६ छोटे ॲड-ऑन कंपनीने सगळ्यांनाच फुकट दिले. (ही सोळा नावे आजही कम्प्लिट एडिशनच्या यादीत दिसतात आणि खोका भरगच्च वाटतो. त्यांची वेगळी किंमत शून्य आहे, एवढे लक्षात ठेवावे.)

सगळेच पास असे नसतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ची प्लॅटिनम एडिशन घेणाऱ्याला वाटले असेल की आता यापुढे काही नाही. तिच्यात दोन मोठे विस्तार आणि आधीचे छोटे पॅक होते. मे २०२० मध्ये ‘न्यू फ्रंटियर पास’ सुरू झाला आणि तो प्लॅटिनममध्ये नव्हता. मग २०२१ मध्ये सगळे एकत्र करून अँथॉलॉजी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘लीडर पास’ आला, तो अँथॉलॉजीवाल्यांना मोफत मिळाला. प्लॅटिनम, गोल्ड, अल्टिमेट, डेफिनिटिव्ह हे शब्द मालाची यादी सांगत नाहीत. ते फक्त त्या दिवशी दुकानात जे होते त्यातले सगळ्यांत महाग काय, एवढे सांगतात.

म्हणून पास घेताना बघायचे ते हे की, त्यात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे नाव आणि अंदाजे महिना लिहिला आहे का. स्टीमने नोव्हेंबर २०२४ मध्ये याबाबत नियमच केला. सीझन पास विकायचा तर त्यात कोणकोणते ॲड-ऑन येणार, प्रत्येकात साधारण काय असेल आणि ते कधी येणार, हे कंपनीने आधी सांगितले पाहिजे. तारीख एकदा आणि जास्तीत जास्त तीन महिनेच पुढे ढकलता येते. एखादा ॲड-ऑन रद्द झाला, तर त्याच्या किमतीएवढे पैसे ग्राहकांना परत देण्याची तयारी हवी. नियम चांगला आहे, पण तो स्टीमचा आहे. दुसऱ्या दुकानात तीच कंपनी तोच पास विकत असेल, तर तिथे हे संरक्षण आहे असे समजू नये.

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांसाठी एक खुलासा. तिथला रॉयल पास नावाने जवळचा वाटला तरी जातकुळी वेगळी. तो ठरावीक मुदतीचा असतो, त्या काळात खेळून बक्षिसे उघडावी लागतात आणि मुदत संपली की न उघडलेली बक्षिसे गेली. इथे चर्चा आहे ती कायमस्वरूपी विस्तार देणाऱ्या पासची.

दुकान बदलले, डिस्क बदलली, की ॲड-ऑन निरुपयोगी

ॲड-ऑन गेमला चिकटत नाही, तो दुकानाला आणि खात्याला चिकटतो. एपिक स्टोअरवर फुकट मिळालेल्या गेमसाठी स्टीमवरून विस्तार घेतला तर तो चालत नाही. प्लेस्टेशनवर घेतलेला विस्तार पीसीवर येत नाही. सेलमध्ये सगळ्यांत स्वस्त विस्तार कुठे मिळतो हे शोधण्यापूर्वी मूळ गेम कुठे आहे ते बघायला हवे. विस्तारात मूळ गेम नसतो, ही ओळ पानावर लिहिलेली असते, पण बारीक अक्षरांत.

गेम पाससारख्या सबस्क्रिप्शनमध्ये हाच घोळ लांबणीवर पडतो. मूळ गेम सबस्क्रिप्शनमध्ये आहे म्हणून तुम्ही फक्त विस्तार विकत घेता. काही महिन्यांनी तो गेम सबस्क्रिप्शनमधून निघून जातो किंवा तुम्हीच सबस्क्रिप्शन बंद करता. विस्तार तुमच्या नावावरच राहतो, पण तो चालवायला गेम नाही. मग गेम विकत घ्यावा लागतो, आणि नेमकी तेव्हा कम्प्लिट एडिशन स्वस्त असेल तर विस्तारही दुसऱ्यांदा घेतला जातो.

आपल्याकडे जुन्या डिस्कची खरेदी-विक्री मोठी आहे आणि तिथे दोन गोष्टी हमखास नडतात. पहिली म्हणजे प्रदेश. प्लेस्टेशनवर डिस्क ज्या प्रदेशाची, त्याच प्रदेशाच्या खात्यावरून घेतलेला ॲड-ऑन तिच्याशी जुळतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली डिस्क भारतीय खात्यावर व्यवस्थित चालते, पण भारतीय स्टोअरवरून घेतलेला विस्तार तिला ओळखत नाही, असे होऊ शकते. पैसे गेलेले असतात आणि गेममध्ये नवीन काहीच दिसत नाही. दुसरी गोष्ट कोडची. ‘सायबरपंक २०७७’च्या अल्टिमेट एडिशनच्या पीएस ५ खोक्यात मूळ गेम डिस्कवर आहे, पण ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार कोडच्या रूपात आहे. कोड एकदाच वापरता येतो. जुना खोका विकत घेणाऱ्याला वरचे ‘अल्टिमेट’ हे नाव मिळते, विस्तार मिळेलच असे नाही. हा विस्तार पीएस ४ वर उपलब्धच नाही, तेही घेण्याआधी माहीत असावे. ‘द विचर ३’च्या बाबतीत याच्या उलट सुखद प्रकार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नव्या कन्सोलसाठी सुधारित आवृत्ती आली, ती जुना गेम असणाऱ्यांना मोफत आहे. ज्याच्याकडे पीएस ४ ची डिस्क आहे आणि डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस ५ आहे, त्याने पीएस ५ चे नवे खोके घेण्याची गरज नाही.

मग घ्यायचे काय?

माझे मत स्पष्ट आहे. गेम नवा असेल तर स्टँडर्ड घ्यावा, किंवा सरळ थांबावे. गेम दोन-तीन वर्षे जुना असेल आणि आपल्याकडे त्यातले काहीच नसेल, तर कम्प्लिट एडिशन घ्यावी. मधली डिलक्स एडिशन क्वचितच फायद्याची ठरते, कारण तिच्यात विस्तार असले तरी अर्धेच असतात आणि तिच्यापुढची एडिशन येणार हे जवळजवळ ठरलेले असते.

थांबण्याला आणखी एक कारण आहे. ‘द विचर ३’चे विस्तार नवख्यासाठी नाहीत. दोन्हींसाठी पात्र तिशीच्या पुढच्या लेव्हलला पोहोचलेले असावे अशी शिफारस आहे, म्हणजे मूळ गेमचा मोठा भाग खेळून झालेला बरा. दिवसाला तासभर खेळणाऱ्या नोकरदाराला तिथे पोहोचायला काही महिने सहज लागतात. पास पहिल्याच आठवड्यात पूर्ण किमतीला घेण्यात काहीच अर्थ नसतो. विस्तार विशलिस्टमध्ये टाकून ठेवला की सूट लागल्यावर स्टीमच ई-मेल करते.

आणि चूक झालीच तर? स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ॲड-ऑनसाठी मोजणी ॲड-ऑन घेतल्यापासूनच्या खेळण्याची होते, म्हणजे मूळ गेम आधी शंभर तास खेळलेला असला तरी अडचण नाही. मात्र ॲड-ऑनमधल्या वस्तू वापरून संपवलेल्या नसाव्यात. बंडलमध्ये सगळ्या वस्तूंचे तास एकत्र धरतात. डिलक्सवाल्यांसाठी एक मेख आहे : प्रकाशनाआधी मिळालेल्या दिवसांत खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून या दोन तासांत मोजला जातो. प्लेस्टेशनवर मुदत १४ दिवसांचीच आहे, पण डाउनलोड सुरू केले की सर्वसाधारणपणे हक्क संपतो. त्यामुळे कन्सोलवर चुकीची एडिशन घेतल्याची शंका आली, तर आधी डाउनलोड होऊ देऊ नका. पैसे भरताच गेम आपोआप उतरवून घेण्याची सोय सुरू असेल, तर ती खरेदीपूर्वीच बंद करावी.